हळदीच्या जात्यावर लेकीच्या पाठवणीची ओवी कशी बांधायची

प्रश्न: माझ्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. आम्ही गुहागर तालुक्यातले, मुलगी देतोय दाभोळला, म्हणजे खाडीपलीकडे. हळद दळताना म्हणायला लेकीच्या पाठवणीच्या चार-पाच ओव्या मला स्वतः लिहायच्या आहेत. पण लिहायला बसलं की कविता होते, ओवी होत नाही, आणि चालीत बसवायला गेलं की अडखळायला होतं. नमुना देते: "आईच्या काळजाचा तुकडा आज परक्या घरी चालला, आठवणींचा सागर माझ्या डोळ्यांत दाटून आला." यात चुकतंय काय? आणि अक्षरं मोजायची तर किती?

उत्तर:

ताई, आधी वही मिटा आणि पडवीतलं जातं बाहेर काढा. तुमच्या दोन ओळी मी जात्यावर म्हणून पाहिल्या. "आईच्या काळजाचा तुकडा" इथपर्यंत हात बरा चालला. "आज परक्या घरी चालला" म्हणताना श्वास संपला, आणि श्वास घेण्यासाठी थांबले तर हातही थांबला. जातं थांबलं की ओवी मोडली.

शाळेत आपण ज्ञानेश्वरांची ओवी शिकलो, साडेतीन चरणांची. पहिल्या तिघांना यमक आणि चौथा आखूड. ती ग्रंथाची ओवी. बायकांची त्याहून जुनी. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातसुद्धा महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. कांडताना, हे लक्षात घ्या. मुसळ उचलायचं, सोडायचं, त्या हालचालीत ती वाढली. तेव्हा "अक्षरं किती" याचं उत्तर हाताकडून घ्यायचं.

हात काय सांगतो बघा. आपली ओवी दोन ओळींची. प्रत्येक ओळ मधे मोडते, म्हणजे चार तुकडे झाले. दुसऱ्या आणि चौथ्या तुकड्याचा शेवट जुळतो. माझ्या घरच्या जात्यावर एका तुकड्याला दोन फेरे लागतात. पहिल्या फेऱ्यात शब्द बसतात, दुसऱ्यात उरलेले शब्द आणि शेवटचं लांबवलेलं अक्षर. एवढ्या जागेत सहा-सात अक्षरं आरामात मावतात. पाच असली तर "गो" किंवा "बाय" घालून भरता येतं, आठ असली तर घाईघाईने म्हणावी लागतात. नऊ झाली की संपलं. तुमची पहिली ओळ मोजली तर वीस अक्षरं भरतात आणि तिला मोड नाही. "तुकडा" नंतर मोडावं तर दहा आणि दहा.

शेवटचं अक्षर लांबतं ते उगाच नाही. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरतात, पण वैरण घालणारीला डावा हात सोडून मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकावे लागतात. तेवढ्या वेळात जातं एका हातावर येतं, जड होतं, फेरा मंदावतो. म्हणून ओवीची शेपूट लांब हवी. शेवटी आ, ई, ऊ असा मोकळा स्वर असला की कितीही ओढता येतो. "बोट", "हात", "घर" असे बंद शब्द शेवटी घेतले की ओढायला काही उरत नाही, तोंड मिटतं. "धरून", "वरून" चालतात, कारण त्यातला ऊ ओढून न मागाहून सोडता येतो.

हे मला फजिती होऊन कळलं. वीसेक वर्षांमागे भाचीच्या हळदीला मी आठ-आठ अक्षरांच्या सात ओव्या बांधून नेल्या होत्या, अगदी मोजूनमापून, कागदावर देखण्या. तिसऱ्या ओवीला समोरची बाई नुसतं "हूं हूं" करायला लागली. तिला शब्द परतून म्हणायला सवडच मिळत नव्हती. शेवटी एका म्हाताऱ्या आत्येने माझीच ओळ घेतली, त्यातले दोन शब्द गाळले, एक "गो" घातला, आणि जातं सुरळीत चाललं. गाळलेले दोन्ही शब्द विशेषणं होती.

परतून म्हणणं ही ओवीची दुसरी कसोटी. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने तीच परत म्हणायची, मग पहिलीने पुढची. तुम्हाला नेमका ताल हवा असेल तर तो या परतण्यातून येतो. त्यासाठी वेगळं धृपद लिहायला नको. पण ओळ एकदा ऐकून समोरचीला जशीच्या तशी म्हणता आली पाहिजे. लिहून झालं की घरातल्या कुणालातरी, वहिनीला, शेजारणीला, एकदाच म्हणून दाखवा आणि परत म्हणायला सांगा. ती जिथे अडते किंवा स्वतःच्या मनाने शब्द बदलते तिथे ओवी कच्ची आहे. तिने बदललेला शब्द बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा बरा असतो. निमूट घ्यावा.

आता मजकुराचं. "काळजाचा तुकडा", "आठवणींचा सागर" हे लग्नपत्रिकेतलं मराठी झालं. आणि सागर? खाडीच्या काठावर जन्म गेला, तुम्ही घरात कधी सागर म्हणालात? दर्या म्हणतो, खाडी म्हणतो, भरती-सुकती म्हणतो. ओवीत रडणं सांगायचं नसतं. जात्यावर बसलेली बाई डोळ्यासमोरची वस्तू सांगते, आणि दुसऱ्या ओळीत ती वस्तू लेकीकडे वळवते. पहिली ओळ जागा दाखवते, दुसरी ओळ चिमटा काढते. बस्स, एवढंच तंत्र.

तुमच्याकडे तर वस्तू आयती आहे. लेक खाडीपलीकडे देताय. धोपाव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडे दाभोळ दिसतं. दिसतं, पण माणूस ओळखू येत नाही. ओवी इथेच आहे. मी ती कशी बांधली ते चुकांसकट सांगते.

पहिला प्रयत्न असा झाला:

धोपाव्याच्या धक्क्यावरी, लागली गो बोट
बोटीत बसली, लेक पाठोपाठ

अक्षरं ठीक आहेत, पण "बोट" आणि "पाठोपाठ" दोन्ही बंद शब्द. जात्यावर म्हटलं तर शेवट तुटल्यासारखा होतो. शिवाय दुसऱ्या ओळीत घडलं काय? लेक बोटीत बसली, एवढी बातमी. मग मी बोट सोडली आणि पलीकडच्या काठाकडे बघितलं. काय दिसतं? माड, पोफळी, हिरवं. लेकीच्या अंगावर त्या दिवशी काय असेल? हातात हिरवा चुडा, अंगावर हिरवी साडी. मग आपसूक आली:

खाडीच्या पल्याड, पोफळीची वाडी
हिरव्यात मिळाली, लेकीची गो साडी

सहा, सहा, सात, सहा. वाडी आणि साडी, दोन्ही ई ओढता येणारे. "मिळाली" म्हणजे मिसळली, दिसेनाशी झाली. आईला काय वाटलं ते कुठेही म्हटलेलं नाही. ती नुसती काठावर उभी राहून हिरव्यात हिरवं शोधते आहे. "पलीकडे" न लिहिता "पल्याड" घेतलं, एक तर आपण बोलतो तसंच, आणि दुसरं, एक अक्षर वाचलं.

एक ओवी अशी सापडली की बाकीच्या तिच्या मापाने बांधायच्या. पण सुरुवात या ओवीने करू नका. हळदीचं जातं पुजलेलं असतं, खुंट्याला आंब्याची पानं बांधलेली असतात, पहिली मूठ देवाच्या नावाची जाते. तेव्हा पहिली ओवीही देवाला. गुहागरात व्याडेश्वर आहेच:

पहिली माझी ओवी, व्याडेश्वराच्या दारी
देवा ठेव नजर, लेकीच्या सासरी

"व्याडेश्वराच्या" शब्दात जोडाक्षरं आहेत, तरी अडत नाही, कारण जन्मभर तोंडात आहे. "स्मृती", "अश्रू", "वात्सल्य" अडतात ते जोडाक्षरामुळे नव्हे, परकेपणामुळे. तुमची ग्रामदेवता वेगळी असेल तर तिचं नाव घाला, फक्त तो तुकडा पुन्हा हातावर म्हणून बघा.

दुसरी ओवी हातातल्या कामाची असली की बायका लगेच सामील होतात:

दुसरी माझी ओवी, दुसऱ्या गो मुठीला
हळद लागते, लेकीच्या पाठीला

"पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी" ही मोजदाद म्हणजे तयार पायरी. चार तुकड्यांतला एक तुकडा फुकट मिळतो आणि समोरचीला पुढे काय येणार ते अर्धं ठाऊक असतं. पण पाचही ओव्यांना ती लावली तर कंटाळा येतो. दोनदा लावा, मग सोडा. तोवर हात लागलेला असतो.

मग घरातली माणसं. लेकीच्या ओव्यांत आई पुष्कळ असते, बापूस राहून जातो. कोकणातला बाप त्या दिवशी काय करतो? रडत तर नाही. मांडवाची मेढ धरून उभा राहतो, जणू ती पडणार आहे. मी पाहिलेले बहुतेक बाप असेच उभे होते.

मांडवाची मेढ, बापूस उभा धरून
वरात गेली गो, पाणंदीवरून

दुसरा तुकडा इथे आठ अक्षरांचा आहे. "बापूस उभा" पटकन म्हणायचं आणि "धरून" वर विसावायचं. घाईचा हा अपवाद मी मुद्दाम ठेवला, पण एका ओवीत एकदाच. वरात अजून निघायची आहे आणि ओवीत ती "गेली", याने बिचकू नका. हळदीच्या ओवीत पुढचं घडून गेल्यासारखं सांगितलं तर कुणी अडवत नाही. "जाईल गो" केलंत तर एकच अक्षर वाढतं, पण बापाची मूठ सैल पडल्यासारखी वाटते.

चौथी ओवी मागे राहिलेल्या वस्तूची. यासाठी एक युक्ती सांगते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तुम्ही घरात कुठे जाल आणि तिथे लेकीचं काय पडलेलं असेल, ते मनात बघा. कोनाड्यातला कंगवा, परसातली न तोडलेली अबोली, बावीवरची कळशी. जी वस्तू लेकच हाताळायची ती घ्या. मी कळशी घेतली. तुमच्याकडे पंप असेल तर ही ओवी घेऊ नका, खोटी पडेल, आणि हळदीला बसलेल्या बायकांना तुमच्या घरी पंप आहे हे पक्कं ठाऊक असतं.

बावीच्या काठाला, कळशी गो पालथी
उचलणारी माझी, पल्याड चालती

"पालथी" आणि "चालती". थी आणि ती. व्याकरणाच्या मास्तरांना हे यमक कच्चं वाटेल. जात्याच्या घरघरीत ई तेवढी ऐकू येते. यमकासाठी अडून बसू नका. पक्क्या यमकाच्या नादात माणसं "नारी", "भारी", "प्यारी" असले शब्द आणतात आणि ओवीचं सिनेमाचं गाणं होतं.

शिल्लक राहिलेल्या रिकाम्या जागी घालायच्या "गो" बद्दल. घाटावर "गं" म्हणतात, आपल्याकडे "गो". लिहिताना तो शक्यतो गाळा आणि तुकडा सहाऐवजी पाचाचा राहू द्या. म्हणणारी आपल्या सोयीने भरते, "गो", "बाय गो", "माझ्या", जे येईल ते. मी वर लिहून दाखवले ते तुम्हाला चाल कळावी म्हणून. कागदावर जागोजागी "गो" दिसायला लागला तर समजा की ओळीत मजकूर कमी आहे.

पाचव्या ओवीला मात्र माझीच चूक निघाली. मी लिहिली होती:

गौरीच्या सणाला, भाऊ येईल न्याया
तोवर सासूबाई, लावा तिला माया

म्हणायला गोड आहे, शेवट मोकळा आहे, सासूला थेट हाक आहे. हळदीला विहीणबाईंकडची माणसं बसलेली असली तर ही ओवी हमखास लागते. पण एका घरी मी ही म्हटली आणि शेजारची काकी दळता दळता बोलली, "बाय, पहिली गौर सासरची. ओवसा कोण भरणार मग, तू?" आणि हात न थांबवता पुढची मूठ टाकली. सगळ्या हसल्या. खरंच की. बऱ्याच घरांत लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून सुपं घेऊन सासरच्या गौरीला ओवसते. त्या वर्षी भावाने न्यायला येणं म्हणजे सासरचा सण मोडणं. ओवीतला सण कानाला गोड लागतो म्हणून घ्यायचा नसतो, तो त्या दोन घरांत त्या वर्षी कसा होतो ते बघून घ्यायचा. मी मग दिवाळी घातली, कारण पहिला दिवाळसण माहेरचा:

दिवाळीच्या सणाला, भाऊ येईल न्याया
तोवर सासूबाई, लावा तिला माया

पहिला तुकडा सात झाला. "दिवाळीच्या सणा" म्हटलं की सहावर येतो, आणि तसंच म्हणा. दाभोळच्या विहीणबाईंना ओवसा कसा करता ते आधी विचारून ठेवा. नातं जुळायला तेवढाच विषय.

सगळीकडे मी "लेक" लिहिलं आहे. तिथे तिचं घरातलं हाकेचं नाव घाला, पत्रिकेवरचं नको. दोन अक्षरी असलं तर जसंच्या तसं बसेल. तीन अक्षरी असलं तर त्या तुकड्यातला "गो" काढा. मात्र सगळ्याच ओव्यांत नाव नको. एकात घाला, खाडीच्या ओवीत. बाकी ठिकाणी लेकच राहू दे, म्हणजे तिथे बसलेली प्रत्येक बाई आपापली लेक घालून म्हणेल.

तालीम करताना दोन गोष्टी सांभाळा. रिकामं जातं फिरवू नका, दगडावर दगड घासून टाकी मरते. मूठमूठ तांदूळ घाला, पीठ भाकरीला होईल. आणि तालमीत तांदळावर बसलेली चाल हळदीला तशीच बसेल असं धरू नका. हळकुंडं आधी फोडून बारीक केलेली नसतील तर सुरुवातीला जातं उड्या मारतं, फेरा एकसारखा येत नाही. त्या वेळी ओवी सुरू करण्यात अर्थ नाही. पहिल्या दोन मुठी मुकाट्याने जाऊ द्या, घरघर एकसुरी झाली की मग "पहिली माझी ओवी" उचला. सवाष्णी पाळीपाळीने खुंट्याला हात लावतात, तेव्हा दर जोडी बदलली की ताल थोडा बदलतो. ओवी म्हणणारी एकच ठेवा, ती जागची हलणार नाही असं बघा. तुम्ही स्वतः म्हणायचं ठरवलं असेल तर खाडीची ओवी मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्या. तिथे आईचा गळा दाटतो, आणि ओवी चौथ्या तुकड्यावर येऊन बसते. मी दोनदा बसवली आहे.

राहिली शेवटची. दळण संपत आलं तरी "सरलं" म्हणायचं नाही, ही आपली जुनी रीत. मूठभर हळद सुपात ठेवायची आणि तिचीच ओवी म्हणायची:

सुपात मूठभर, हळद राहू दे
लेकीच्या लेकीला, हात लावू दे

ही म्हणताना वैरण घालायची नसते, म्हणून शेवट ओढू नका. "लावू दे" वर जातं आपोआप थांबेल तिथे थांबू द्या.